चौथ्या मात्रेवरचा टिकाराम

टिकाराम कापगते बेस गिटार वाजवतो हे त्याच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. बेस गिटारमधून नेमकं काय वाजतं, ते मात्र कोणालाच माहीत नाही. साकोलीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, तलावाच्या पाळीखाली त्याचं गाव. तिथं त्याच्या धानाच्या पाच बांध्या आहेत. पाऊस असेपर्यंत तो त्या बांध्यांचा, आणि दिवाळीनंतर लग्नसराई संपेपर्यंत साकोलीच्या भैय्याजींच्या ‘सुरसंगम मेलडी’ ऑर्केस्ट्राचा. हा क्रम सत्तावीस वर्षं चालू आहे.

बेस त्याने निवडला नव्हता. विशीत तो साधी गिटार घेऊन भैय्याजींकडे गेला होता आणि ती तो वाईट वाजवायचा. त्याच आठवड्यात भैय्याजींनी नागपूरहून एक जुना बेस आणला. चार जाड तारा, लांब मान, आणि वजन असं की पहिल्या दोघांनी गळ्यात घालून लगेच खाली ठेवला.

“हे कोन पेलन?” भैय्याजींनी विचारलं.

टिकाराम तेव्हा धानाची पोती ट्रॅक्टरवर चढवायचा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याची संगीतातली निवड इतकीच झाली.

वाजवायचं काय, हे त्याला ड्रमरने शिकवलं. ड्रमर म्हणजे कैलाश पुस्तोडे. त्याच गावचा, टिकारामच्याच वयाचा. कैलाशने पहिल्या दिवशी त्याला ड्रमच्या बाजूला उभं केलं आणि जमिनीवरच्या मोठ्या ढोलाकडे बोट दाखवलं. त्या ढोलाला पायाने पॅडल दाबून मारायचं असतं. ऑर्केस्ट्रावाले त्याला किक म्हणतात.

“माया पाय पडला का तुयी तार वाजली पाहिजे,” कैलाश म्हणाला. “आधी नाही, मंग नाही. लोकायले दोन आवाज आयकू आले, त आपन दोघंही फेल. एकच आयकू आला पाहिजे.”

“आन सूर कोनता?”

“ते भैय्याजीले विचार. मले सूर समजत नाही.”

भैय्याजी कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी सांगितलं की कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचं, जे नाव, तोच सूर. सी कॉर्ड असला तर सी, एफ असला तर एफ. त्याला रूट म्हणायचं. मग त्यांनी एक गंमत दाखवली. कीबोर्डवर सी, ई आणि जी असे तीन सूर दाबून धरले आणि टिकारामला खाली सी वाजवायला लावला. खोलीत छान, उघडं वाटलं. मग तेच तीन सूर धरून ठेवत ते म्हणाले, “आता ए वाजव.” टिकारामने ए वाजवला. भैय्याजींची बोटं जागची हलली नव्हती, तरी सगळं उदास झालं. जणू कोणी तरी खोलीतून उठून गेलं.

“पाह्यलं?” भैय्याजी म्हणाले. “वर मी काहीही वाजवो, ते काय हाये हे खालचा सूर ठरवते. म्हनून सांगतलं तेवढंच वाजवजो.”

टिकारामला ही जबाबदारी आवडली. ती कोणाच्या लक्षात येत नाही, हेही आवडलं. तो रूट वाजवत राहिला. स्नेअरचा, म्हणजे ड्रमरच्या समोरच्या छोट्या ढोलाचा, कडक आवाज पडला की तळहाताने तार दाबून सूर थांबवायचा, हेही कैलाशनेच शिकवलं. सूर कुठं सुरू होतो तितकंच तो कुठं संपतो हेही मोजलं जातं, नाही तर सगळं गाणं चिखलात रुततं. पंधरा-सोळा वर्षं दोघांचं असं छान जमलं.

मग टिकारामला चालायची हौस आली.

भैय्याजींच्या एका मित्राच्या घरी, नागपूरला, एक म्हातारे बेसवाले आले होते. रेल्वेच्या क्लबात आयुष्यभर वाजवलेले. त्यांनी जेवणाआधी दहा मिनिटं वाजवून दाखवलं. रूटवर बसून राहायचं नाही. प्रत्येक मात्रेला एक सूर, एका कॉर्डमधून दुसऱ्या कॉर्डकडे पायरी-पायरीने जायचं. याला वॉकिंग म्हणतात, असं ते म्हणाले आणि जेवायला बसले. टिकारामच्या डोक्यात ती दहा मिनिटं दोन महिने फिरत राहिली. आणि अकरा वर्षांपूर्वी लाखनीला, एका लग्नाच्या स्वागत समारंभात, कोणाला न सांगता तो चालायला लागला.

तो चालला खरा, पण कुठं जायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. सुरामागून सूर टाकत गेला. कॉर्ड बदलला तेव्हा भैय्याजी एफवर पोचले होते आणि टिकाराम डीवर होता. पुढच्या वेळी ते जीवर, तर हा अजून वाटेत. रीता नावाची बाई तेव्हापासून आजपर्यंत ऑर्केस्ट्रात गाते; तिला खालून आधार मिळेना, तिचा सूर घसरला. कैलाशने दोन आवर्तनं सहन केलं. मग त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि ड्रम थांबवला. गाणं मध्येच उभं राहिलं. शांततेत कैलाश म्हणाला, आणि त्याच्या समोरचा माइक चालू होता:

“टिकाराम, फिराले जाचं असन त जाऊन ये. आमी थांबतो.”

चारशे माणसं हसली. नवरदेवही हसला.

त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. ऑर्केस्ट्रा कोणीच सोडला नाही, कारण सोडायचं तर तसं बोलावं लागलं असतं. टिकाराम पुन्हा रूटवर आला आणि तिथंच राहिला. एकाच टेम्पोत दोघं गावाहून निघायचे. एक ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा, दुसरा मागं सामानात. काही सांगायचं झालं तर रीताबाईंमार्फत.

“त्याले सांगा, तिसरं गानं जरा हळू घेऊ.”

“कैलाशभाऊ, ते म्हणतात तिसरं गाणं हळू घेऊ.”

“आयकलं मी.”

वाजवताना मात्र किक आणि बेस एकत्रच पडायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की या दोघांचं किती गूळपीठ आहे.

*

यंदा दसऱ्याच्या आधी कैलाश तलावाच्या पाळीवरून उतरताना शेवाळावर घसरला. उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लास्टर चढलं, आणि डॉक्टरांनी दोन-अडीच महिने पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. किक उजव्या पायाने मारतात. दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, कार्यक्रम महिन्याभरावर होते.

भैय्याजींनी दोन ड्रमर पाहिले. दोघांकडे आधीच तारखा होत्या. तेव्हा कैलाशनेच निरोप पाठवला की टीना वाजवेल.

टीना म्हणजे त्याची मुलगी. चोवीस वर्षांची. साकोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. घरातला ड्रम ती सातवीपासून वाजवत होती. गावाला तो आवाज माहीत होता, पण तो कैलाशचाच, असं सगळे धरून चालले होते.

तालीम भैय्याजींच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, रविवारी सकाळी ठरली. टीना वेळेआधी येऊन ड्रम लावून बसली होती. टिकाराम नेहमीप्रमाणे ड्रमच्या उजव्या अंगाला, जिथून ड्रमरचा उजवा पाय दिसतो तिथं, तिरका उभा राहिला. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीत त्याला कळलं की काही तरी जमत नाही. किक एकीकडे, तार दुसरीकडे. फरक फार नव्हता. दोन माणसं एकाच दारातून एकाच वेळी शिरू पाहतात तेवढाच. पण प्रत्येक वेळी.

तीन गाण्यांनंतर तो भैय्याजींना बाजूला घेऊन म्हणाला, “पोरीचा पाय चुकते.”

“माले त बरोबर वाटून राहिला.”

“तुमी कीबोर्डवर असता. तुमाले वरचं आयकू येते.”

भैय्याजींनी मग मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मोबाइलमधून ऐकलं तेव्हा त्यात बेस नव्हताच. किक, कीबोर्ड आणि रीताबाई होत्या. इतक्या खालचे सूर त्या छोट्या स्पीकरमधून येत नाहीत. टिकारामने ते दोनदा ऐकलं. शेवटी भैय्याजींनी मिक्सरमधून सरळ पेनड्राइव्हवर घेतलं आणि मोठ्या स्पीकरवर लावलं.

टीनाची किक घड्याळासारखी होती. बेस दर वेळी तिच्या मागून येत होता. एकदाही आधी नाही, एकदाही बरोबर नाही. मागूनच.

रीताबाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

“काका,” टीना म्हणाली. वर्गात एखाद्याला गणित चुकलंय हे सांगावं तशा सुरात, पण प्रेमाने. “तुमी माया पाय आयकता आन मंग तार वाजवता. आयकून वाजवलं त उशीर होनारच.”

“सत्तावीस वर्सं झाली मले वाजवून.”

“हो काका.”

“तुया बाबासंग कसा जमे मंग?”

टीनाने काठ्या स्नेअरवर आडव्या ठेवल्या. “बाबा टोंगळा उचलत. किक माराच्या आधी, एवढा वर. तुमी त्यायचा टोंगळा पाहात होते. तो खाली याले लागला का तुमचं बोट पडे. मी टाच टेकवून वाजवतो, माया टोंगळा हालतच नाही.”

टिकारामला कैलाशचा गुडघा आठवला. तो खरोखरच फार वर जायचा. सगळ्यांना वाटायचं, स्टाइल आहे. लग्नांमध्ये पोरं त्याची नक्कल करायची.

“त्याची सवय हाये ते,” तो म्हणाला.

“सवय नाही. घरी वाजवतानी नाही उचलत. मी लहानपनी विचारलं होतं, काहून उचलता म्हनून. म्हनाले, टिकारामले दिसाले पाहिजे.”

टिकारामने बेस गळ्यातून काढला, खोळीत ठेवला, चेन लावली. बाकीची तालीम त्याच्याशिवाय झाली.

*

दुपारी चार वाजता तो कैलाशच्या अंगणात उभा होता. अकरा वर्षांत या अंगणात त्याचं पाऊल पडलं नव्हतं. कैलाश प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि मूठभर लाखोळीची डाळ निवडत होता, कारण त्याला दुसरं काम देता येत नव्हतं.

“बस,” कैलाश म्हणाला.

टिकाराम बसला नाही.

“टोंगळा काहून उचलत होता?”

कैलाशने एक खडा काढून बाजूला टाकला. “तुले दिसावा म्हनून.”

“म्हनजे तुले माहीत होतं. मी आयकून वाजवतो म्हनून.”

“पयल्या वर्सीपासून.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“पयले वाटलं, सुधरन. मंग आपलं बोलनं बंद झालं.”

टिकाराम बसला. घरातून कैलाशची बायको कामिनी चहा घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं, दोन्ही कप एकाच स्टुलावर ठेवले आणि काही न विचारता आत गेली. आतून तिने गावात किती जणांना फोन केले हे पुढं कळलं.

चहा संपल्यावर कैलाश म्हणाला, “लाखनीची गोष्ट. मले तवा एक सांगाचं होतं.”

“सांगतलं न. माइकवर सांगतलं.”

“ते नाही. तू चालाले लागला, तवा मले काय वाजवाचं समजलं नाही. तू हरेक मात्रेले सूर टाकत होता आन मी पाय एक-तीनवर आपटून राहिलो होतो, जड. बेस चालाले लागला त ड्रमरनं पाय हलका कराचा असते. वरच्या मोठ्या झांजेवर चार मात्रा धराच्या, आन किक अशी, पिसासारखी, असून नसल्यासारखी. मले हे येत नोहतं. तू बी चुकला होता. पन मी थांबलो ते तू चुकला म्हनून नाही. माया रस्ता बंद झाला होता.”

“मंग मायावर काहून घातलं?”

“माइक तिथंच होता,” कैलाश म्हणाला.

टिकारामला राग यायला हवा होता. त्याने वाट पाहिली. आला तो थकवा, आणि थोडी भूक. अकरा वर्षं सामानात बसून काढलेले प्रवास त्याच्या डोळ्यांपुढून गेले. उरलेले निम्मे प्रवास कैलाशने सामानात काढले होते.

तेवढ्यात टीना साकोलीहून आली. कैलाशने तिला आत जाऊन ड्रमवर बसायला सांगितलं आणि टिकारामला म्हणाला, “बेस आन.”

पुढचे दोन आठवडे हे रोज संध्याकाळी पाच ते सात चाललं. कैलाशने पहिलं काम हे केलं की टिकारामला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग टीनाला सांगितलं, किक वाजवायचीच नाही. फक्त बारक्या झांजा आणि स्नेअर. किक जिथं पडली असती तिथं टिकारामने रूट वाजवायचा. एक, अडीच, तीन या मात्रांवर.

“कोनाची वाट नाही पाहाची,” कैलाश खुर्चीतून सांगायचा. “मोज. मनातल्या मनात नाही, तोंडानं मोज. टीनाची किक तुया मालक नाही. ते मोजून राहिली, तू बी मोज. दोघं बी एकाच ठिकानी पोचान.”

पहिले तीन दिवस टिकाराम भिंतीला एक-दोन-तीन-चार सांगत होता. त्याची बायको सुंदरबाई त्याला शोधत आली, दारातून पाहिलं, आणि कामिनीला विचारलं, “बरे हायेत न हे?” चौथ्या दिवशी कैलाशने टीनाला खूण केली आणि तिने, टिकारामला न सांगता, किक सुरू केली. टिकाराम मोजत वाजवत राहिला. थोड्या वेळाने त्याला वाटलं की आपला बेस आज फार टणक वाजतोय, जणू नव्या तारा चढवल्या आहेत. त्याने मागं वळून पाहिलं. टीनाचा पाय पॅडलवर होता आणि चालू होता. त्याला किक वेगळी ऐकूच आली नव्हती. ती त्याच्या सुराच्या आत गेली होती.

“वळू नोको,” कैलाश म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात चालणं आलं. हे कैलाशला शिकवता येत नव्हतं, कारण त्याला सूर समजत नव्हते. पण वाट समजत होती. भैय्याजींकडून चार कॉर्ड लिहून आणले: सी, ए मायनर, एफ, जी. प्रत्येकाला चार मात्रा.

“पयल्या मात्रेवर रूट. हे ठरलेलं,” टिकाराम म्हणाला. “मंग मी कुठंही फिरतो.”

“तिथंच मरते न तुयं. चौथ्या मात्रेवर तू कुठं असतो?”

“जिथं पोचलो तिथं.”

“पुढच्या घरात जाचं हाये, त चवथ्या मात्रेले त्या घराच्या दारात पाहिजे. दार कोनतं ते मले नाही माहीत. तू पाहा.”

टिकाराम रोज पहाटे, धान कापायला जाण्याआधी, बेस स्पीकरला न जोडता मांडीवर घेऊन बसू लागला. ए हे पुढचं घर. त्याच्या अगदी लगतचं, अर्ध्या पायरीने खालचं दार म्हणजे जी शार्प. हा सूर सी कॉर्डमध्ये कुठंच बसत नाही. त्यावर थांबलं तर सरळ चूक ऐकू येते. पण चौथ्या मात्रेवर तो टाकला आणि लगेच पुढच्या एकवर ए वाजवला, की ती चूक नव्हतीच; ती वाट होती. सी, ई, जी, जी शार्प, आणि ए. त्याने हे पन्नासदा वाजवलं. मग ए, सी, डी, ई, आणि एफ. ई ते एफही अर्धीच पायरी होती. एफ, ए, एफ, एफ शार्प, आणि जी. जी, बी, डी, बी, आणि पुन्हा सी. पहिल्या मात्रेवर घर, मधल्या दोन मात्रांत कॉर्डच्या अंगणातलेच सूर किंवा त्यांच्यामधली पायरी, चौथीवर दार. अकरा वर्षांपूर्वी तो मधल्या दोन मात्रांवरच फिदा झाला होता.

*

मंडईचा कार्यक्रम दुपारी तीनला होता. लाखनीकडच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे पाहुण्यांनी घरं भरलेली, मैदानाच्या एका टोकाला दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, दुसऱ्या टोकाला ऑर्केस्ट्रा, मध्ये जिलेबी आणि खेळण्यांची दुकानं. धूळ एवढी की भैय्याजींनी कीबोर्डवर टॉवेल टाकून ठेवला होता. कैलाश कुबड्या घेऊन आला आणि स्टेजच्या खाली खुर्ची टाकून बसला.

टिकाराम तिरका उभा राहिला नाही. तोंड समोर करून उभा राहिला. पहिली चार गाणी रूटवरच गेली आणि बरी गेली.

पाचवं जुन्या क्लबाच्या ढंगाचं गाणं होतं, त्याच चार कॉर्डचं. पहिल्या कडव्यानंतर कीबोर्ड बंद पडला. धूळ होती की ॲडाप्टर, हे नंतरही ठरलं नाही. त्याच्या छोट्या पडद्यावरचा उजेड गेला आणि भैय्याजींच्या बोटांखाली प्लास्टिक तेवढं उरलं. ऑर्केस्ट्रात गिटार नव्हती. मनिष नावाचा गिटारवाला दोन वर्षांपूर्वीच पुण्याला नोकरीला गेला होता. म्हणजे आता स्टेजवर ड्रम, बेस आणि रीताबाईंचा आवाज. कॉर्ड देणारं कोणी नव्हतं.

टिकारामने दोन मात्रा रूट वाजवला. त्याला कळलं की हे पुरत नाही. नुसत्या ए वरून कोणालाच समजत नाही की हा ए उजळ मेजर आहे की उदास मायनर. ते मधला सी आल्यावर ठरतं. रीताबाईंचा आवाज शोधू लागला होता. त्यांनी वळून टिकारामकडे पाहिलं. लाखनीच्या लग्नातही त्यांनी असंच पाहिलं होतं.

तो तोंडाने मोजतच होता. पुढच्या एकवर त्याने सी घेतला आणि चालायला लागला.

सी, ई, जी, जी शार्प. ए. मागं टीनाने काय केलं ते त्याने पाहिलं नाही, पण किकचं वजन उतरलं आणि वरच्या झांजेवर चार मात्रा सुरू झाल्या, स्वच्छ, एका ओळीत. त्याच्या प्रत्येक सुराला वरून एक टिंब मिळत होतं. ए, सी, डी, ई. त्या सी वर गाण्याचा रंग उतरला आणि रीताबाईंना कळलं आपण मायनरमध्ये आहोत. एफ. त्या एफवर आल्या तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा भरला होता. जीकडे जाताना दुसऱ्या फेरीत टिकारामचं बोट मानेवरच्या एका पट्टीने, एका फ्रेटने, अलीकडे पडलं, एफ शार्पऐवजी एफच वाजला. पण चौथी मात्रा गेली तरी पुढची पहिली मात्रा अजून यायची होती. तो जीवर वेळेत पोचला, आणि दार थोडं लांबचं असलं तरी घर तेच होतं.

असं तीन फेऱ्या चाललं. मग भैय्याजींनी वायर हलवली, कीबोर्ड पेटला, ते कॉर्डवर शिरले आणि टिकाराम रूटवर परत आला. गाणं संपलं. टाळ्या पडल्या, चौथ्या गाण्याला पडल्या होत्या तेवढ्याच. समोर बसलेल्या पार्वताबाई नावाच्या म्हातारीने शेजारणीला सांगितलं की मधात थोडं बरं वाटलं, गलका कमी होता.

टीना झांज हाताने थांबवत मागून म्हणाली, “काका, दुसऱ्या फेरीत जीच्या आधी?”

“माहीत हाये मले.”

“मी कायी म्हनलं नाही.”

कार्यक्रमानंतर भैय्याजी कीबोर्डची माफी मागत सगळ्यांना चहा पाजत होते. रीताबाई टिकारामजवळ आल्या. आभार मानायचे असावेत, पण इतक्या वर्षांत बेसवाल्याचे आभार कसे मानतात याची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, “खालून येत होतं, बरं झालं.” टिकाराम म्हणाला, “हो.” मग तो गेला आणि कैलाशच्या कुबड्या टेम्पोत ठेवल्या. दोघं मागं सामानात बसले, कारण पुढं ड्रायव्हरशेजारी टीनाला बसवलं होतं. रस्त्यात ते बोलले. अकरा वर्षांचं साचलेलं असेल असं वाटत होतं, पण पहिल्या पंधरा मिनिटांत संपलं. मग धानावर पडलेल्या तुडतुड्या किडीवर बोलले.

प्लास्टर डिसेंबरच्या मध्यावर निघालं. घोटा थोडा आखडलेला राहिला आहे. आता भैय्याजी दोघांना आळीपाळीने नेतात: शाळेला सुट्टी असली की टीना, नाही तर कैलाश. कैलाशबरोबर टिकाराम रूटवर असतो, कारण कैलाशला अजून हलका पाय जमत नाही. शिकतो आहे. बुधवारी सकाळी टिकाराम बेस घेऊन त्याच्या अंगणात जातो, कैलाश झांजेवर चार मात्रा धरतो, आणि किक पिसासारखी करायच्या प्रयत्नात ती बहुतेक वेळा गायबच होते.

गेल्या बुधवारी कैलाशने मध्येच काठ्या खाली ठेवल्या.

“एक सांग,” तो म्हणाला. “तू खालच्याच दारातून काहून जातो दरवेळी? जी शार्पमधून ए, म्हनतो न तू. वरच्या दारातून नाही येता येत?”

टिकारामने विचार केला. एच्या वर अर्ध्या पायरीवर बी फ्लॅट होता. तो त्याने कधी वाजवून पाहिला नव्हता.

“येता येत असन,” तो म्हणाला.

“मंग ये न गा.”

टिकारामने सी वर बोट ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली.